वायफाय अडखळतं, तेव्हा कोणते गेम घ्यावेत?

दिवाणखान्यातला गेम अडखळला की दोष वेगाला दिला जातो. ऑनलाइन सामन्याला डेटा थोडाच लागतो, पण तो वेळेवर यावा लागतो. क्लाउड स्ट्रीमिंगला तर चित्रही अखंड हवं. म्हणून आधी लॅपटॉप टीव्हीजवळ ठेवून राउटरला पिंग करा. पत्ता बहुधा असा असतो:

```
ping 192.168.1.1
```

उत्तरं २ ते ५ मिलिसेकंदांत येत असताना मध्येच १५० वर उडी मारत असतील, तर घरातलंच वायफाय अडतंय. राउटरपासून कन्सोलपर्यंत लॅन केबल टाकली की बराच फरक पडतो. आकडे स्थिर असूनही गेम अडखळत असेल, तर खोट बहुधा बाहेरच्या लाइनमध्ये आहे. मग गेमच तसे निवडावेत.

माझी पहिली पसंती एकाच टीव्हीवर खेळायच्या गेमना. ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’मध्ये चौघं पडदा वाटून शर्यत लावतात, ‘ओव्हरकुक्ड २’मध्ये चौघं एकच स्वयंपाकघर सांभाळतात, दोन्हींना सामन्यादरम्यान इंटरनेट लागत नाही. विकत घेताना मात्र नीट वाचा: ‘ऑनलाइन को-ऑप’ म्हणजे सोफ्यावरचा खेळ नव्हे, ‘लोकल’ किंवा ‘स्प्लिट-स्क्रीन’ असं लिहिलेलं हवं. डिस्क घेतली तरी मोठा अपडेट येऊ शकतो. तो रात्रीच उतरवून ठेवा. दूरच्या मित्राशीच खेळायचं असेल, तर आळीपाळीने चाल करायचं बुद्धिबळ निवडा. तिथे अर्ध्या सेकंदाच्या उशिराने डाव बिघडत नाही.