नुसती वेळ आणि नाव

व्हॉट्सअ‍ॅपवर एकच मेसेज कॉपी केला तर फक्त मजकूर येतो. दोन किंवा जास्त निवडले की प्रत्येकापुढे तारीख, वेळ आणि नाव असलेला मथळा चिकटतो. पेस्ट करताना मजकूर निसटला, तर एवढेच उरते:

```
[05/03, 9:41 pm] ताई:
```

अशी ओळ आली, तर पाठवणाऱ्याला काय विचारायचे होते ते त्यातून कळत नाही. मूळ मेसेज पुन्हा मागवावा, हेच बरे. ओळीतले तपशीलही जपून वाचावे लागतात. ‘ताई’ हे नाव कॉपी करणाऱ्याच्या फोनमधले आहे. तोच मेसेज दुसऱ्याने कॉपी केला, तर तिथे वेगळे नाव किंवा नुसता नंबर दिसेल. वेळही त्याच फोनच्या घड्याळाची: पुण्यातले 9:41 दुबईतल्या फोनवर 8:11 होतात. 05/03 म्हणजे भारतात 5 मार्च, पण अमेरिकी पद्धतीच्या फोनवर 3 मे. 25/03 असते तर हा घोळ झालाच नसता.

शिवाय ही ओळ म्हणजे साधी अक्षरे; ती कोणीही हाताने टाइप करू शकतो. म्हणून वाद असेल तेव्हा मूळ फोनवरचा चॅटच उघडून पाहावा.