दोन नट आणि एक तिरका पाय

केसांच्या आकड्यासारखे वाकवलेले लोखंडी पाय टेबलाला बसवणं सोपं. त्यांना वरच्या टोकाला पट्टी जोडलेलीच असते. ती फळीला स्क्रूंनी आवळली की झालं. खाली निमुळत्या होत जाणाऱ्या लाकडी पायांचं तसं नाही. तिथे पाय आणि फळी यांच्यामध्ये एक प्लेट आणि एक विचित्र बोल्ट येतो. त्याला डोकंच नसतं! एका बाजूला लाकडात रुतणारे खरबरीत आटे, दुसरीकडे नटाचे बारीक. ह्यालाच हँगर बोल्ट म्हणतात.

मी १८ मिमी प्लायच्या टीपॉयसाठी सागवानी पाय कातून घेतले. ८ मिमीच्या बोल्टसाठी पायाच्या माथ्यावर बरोबर मध्यभागी साडेसहा मिमीचं भोक पाडलं. मऊ लाकूड असतं तर सहाचं पुरलं असतं. साग कठीण, त्यामुळे भोक लहान ठेवलं तर पाय चिरतो. आट्यांना साबण चोळला. पण डोकं नसलेला बोल्ट फिरवायचा कसा? बारीक आट्यांवर दोन नट चढवून ते एकमेकांवर घट्ट आवळायचे आणि वरच्या नटाला पाना लावून फिरवायचं. बोल्ट पूर्ण रुतला की खालचा नट पान्याने धरून वरचा उलटा सोडायचा. पक्कडीने धरलात तर आटेच खराब होतात.

प्लेटला मी १६ मिमीचे स्क्रू घेतले. प्लेटची दोनेक मिमी जाडी वजा जाता ते प्लायमध्ये चौदा मिमी उतरतात, म्हणजे वरच्या बाजूने टोक डोकावत नाही. भुशाच्या बोर्डात मात्र हे स्क्रू नीट पकड घेत नाहीत. त्याच्या नादी लागू नये. तिरक्या प्लेटचा कल कोपऱ्याकडे, बाहेर. एक जरी उलटी बसली, तर तो पाय टेबलाच्या पोटाखाली शिरतो.

तीन पाय निमूट बसले. चौथा प्लेटला टेकायच्या आधीच अडला, बोटाच्या नखाएवढी फट राहिली. मी जोर लावला आणि प्लेटचे स्क्रू उपसून येऊ लागले. बोल्टचं टोक जास्त बाहेर राहिलं होतं, ते प्लेटच्या आरपार जाऊन प्लायला भिडलं होतं. पाय जॅकसारखा प्लेटलाच वर ढकलत होता. टोक पाचेक मिमी करवतीने कापलं, नंतर कानशीने घासलं. फट गेली.

तरी टीपॉय डुगडुगतच होता. पाय उलटे सुलटे बदलून काही कळेना. मग प्लेट सरळ लाकडावर धरून एकेक पाय सैल फिरवून पाहिला. तिघांचं टोक जागच्या जागी फिरलं, चौथ्याचं मात्र गोल घिरट्या घालत होतं. भोक तिरकं पडलं होतं. बोल्ट काढला, भोक मोठं करून त्यात सागाची गोल काठी गोंद लावून ठोकली, एक रात्र सुकू दिली. सकाळी ड्रिलच्या बाजूला गुण्या उभा ठेवून पुन्हा भोक पाडलं.