स्वतः लिहिलं, तरी एआयचा शिक्का का बसतो?

महाराष्ट्रातले बरेच विद्यार्थी मराठीत विचार करतात आणि प्रबंध मात्र इंग्रजीत लिहितात. मसुदा त्यांचा स्वतःचाच असतो. इंग्रजी कच्चं वाटतं म्हणून ते हा मसुदा व्याकरण सुधारणाऱ्या किंवा वाक्यं बदलून देणाऱ्या अ‍ॅपमधून काढतात. पुढे तपासणीच्या अहवालात ‘एआय’ असा शेरा येतो आणि मेहनत करणाऱ्यावरच लबाडीचा आळ येतो. यामागे काही गैरसमज आहेत.

गैरसमज : शेरा आला म्हणजे मजकूर एआयनेच लिहिला.

वस्तुस्थिती : मजकूर कोणी टाइप केला, हे डिटेक्टरला दिसत नाही. त्याच्यासमोर फक्त तयार मजकूर असतो. पुढचा शब्द कितपत अपेक्षित आहे, वाक्यांची लांबी आणि घडण किती एकसारखी आहे, अशा खुणांवरून तो अंदाज बांधतो. साधा शब्दसंग्रह आणि ठरावीक वाक्यरचना वापरणारा माणूसही त्यात सापडतो.

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्ये सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले 91 निबंध त्यांनी घेतले. सरासरी 61 टक्के निबंधांवर एआयचा चुकीचा शिक्का बसला. अमेरिकी शाळकरी मुलांचे निबंध मात्र बहुतेक सुटले. त्याच मुलांच्या निबंधांतले शब्द मुद्दाम सोपे करून पाहिल्यावर चुकीच्या शिक्क्यांचं प्रमाण सुमारे 5 टक्क्यांवरून 56 टक्क्यांवर गेलं. लिहिणारे तेच होते, फक्त शब्द बदलले होते.

गैरसमज : मी फक्त व्याकरण सुधारलं, त्याने काय होणार?

वस्तुस्थिती : किती सुधारलं, यावर ते अवलंबून आहे. स्पेलिंग किंवा स्वल्पविराम दुरुस्त केल्याने वाक्याची घडण सहसा बदलत नाही. पण आजची अ‍ॅप्स ‘वाक्य अधिक स्पष्ट करा’ असाही पर्याय देतात. तो निवडला की अख्खं वाक्य भाषा-मॉडेल नव्याने लिहितं.

समजा, एका विद्यार्थिनीने इंग्रजीत लिहिलं, त्याचा अर्थ असा : ‘आमच्याकडे विहिरी मार्चमध्येच आटतात. टँकर येतो, पण दुपारी, तेव्हा बायका शेतावर असतात.’ अ‍ॅपने त्याचं केलं : ‘पाण्याची अनियमित उपलब्धता ग्रामीण महिलांच्या दैनंदिन जीवनावर लक्षणीय परिणाम करते.’ मार्च गेला, टँकरची वेळ गेली, दोन छोट्या वाक्यांचं एक गुळगुळीत वाक्य झालं. मुद्दा तिचा राहिला, पण शब्दांची निवड मॉडेलची झाली. अशी पन्नास वाक्यं स्वीकारली की डिटेक्टरला दिसणारा साचा मॉडेलचाच असतो. शिवाय संशोधनाचा खरा ऐवज, म्हणजे तिने प्रत्यक्ष पाहिलेला तपशील, वाटेतच गळतो.

गैरसमज : शेरा आला तर मजकूर पॅराफ्रेझिंग अ‍ॅपमध्ये टाकायचा, मग तो निघून जातो.

वस्तुस्थिती : उलटंही होतं. ही अ‍ॅप्स वाक्यं फिरवतात तेव्हा त्यांच्या स्वतःच्या खुणा मागे राहतात. टर्निटिनने 2024 पासून अहवालात ‘एआयने लिहून मग पॅराफ्रेज केलेला’ मजकूर वेगळा दाखवायला सुरुवात केली. त्यामुळे स्वतः लिहिलेला मजकूर असं अ‍ॅप वापरून सजवला, तर आधी नसलेला संशय उभा राहू शकतो.

गैरसमज : एआयचे टक्के म्हणजे चोरीचे टक्के.

वस्तुस्थिती : ही दोन वेगळी मापं आहेत. साम्याचा अहवाल तुमचा मजकूर आधीच्या साहित्याशी ताडून पाहतो आणि जुळलेला स्रोत दाखवतो. यूजीसीच्या 2018 च्या नियमांतली 10 टक्क्यांची मर्यादा याच साम्याची आहे. एआयच्या टक्क्यामागे दाखवता येईल असा कोणताही स्रोत नसतो, असतो तो अंदाज. म्हणूनच 1 ते 19 टक्क्यांसाठी टर्निटिन आकडा न देता फक्त तारांकन दाखवतं, आणि केवळ या गुणावर कारवाई करू नये, असंही सांगतं. ओपनएआयने तर स्वतःचा डिटेक्टर कमी अचूकतेमुळे जुलै 2023 मध्ये बंद केला.

मग करायचं काय?

मूळ मसुद्याची फाइल वेगळी जपून ठेवा आणि तिच्यावर अ‍ॅप चालवू नका. गूगल डॉक्समध्ये लिहिलंत तर आवृत्त्यांचा इतिहास आपोआप राहतो. मजकूर टप्प्याटप्प्याने कसा वाढला, हे त्यात दिसतं. दुसरीकडे लिहून एकदम पेस्ट केलंत तर तो पुरावा उरत नाही. ‘सगळं स्वीकारा’ हे बटण टाळा. एकेक सूचना वाचा, चूक असेल ती दुरुस्त करा आणि अख्खं वाक्य बदलणारी सूचना आली तर ते वाक्य स्वतःच पुन्हा लिहा. कोणतं अ‍ॅप कशासाठी वापरलं, हे मार्गदर्शकांना आधीच सांगा. काही ठिकाणी त्याची परवानगीच नसते.

मार्गदर्शकांनाही कळकळीची विनंती : आकडा पाहून निकाल देऊ नका. मसुदे मागवा, विद्यार्थ्याला समोर बसवून त्याच्या मजकुरावर चार प्रश्न विचारा. ज्याने विहिरी पाहिल्या आहेत, तो उत्तरं देईल.