एकच ऑर्डर दोनदा का येते?

रात्री २ वाजता दुकानाची यंत्रणा सॉफ्टवेअर कंपनीच्या एक्स्पोर्ट एपीआयमधून ऑर्डरी उचलते, एका पानावर १००. यादी नव्याकडून जुन्याकडे लावलेली. पहिलं पान घेतल्यावर नवी ऑर्डर आली, की यादी एक घर खाली सरकते; शंभरावी ऑर्डर १०१व्या जागी जाऊन दुसऱ्या पानावर पुन्हा भेटते. उलट, पहिल्या पानावरची ऑर्डर काढून टाकली गेली, तर एक नोंद निसटते.

म्हणून सपोर्टला नुसतं ‘डेटा डबल येतोय’ लिहून भागत नाही. ‘आयडी ४५१२ पहिल्या पानाच्या शेवटी आणि दुसऱ्याच्या सुरुवातीला आहे, दोन्ही विनंत्यांच्या वेळा सोबत आहेत,’ असं लिहिलं की दोष लगेच सापडतो. तोवर आयडी जुळवून दुबार नोंदी गाळता येतात. निसटलेल्या मात्र तशा सापडत नाहीत.