शंभर टक्के मंद

लीग ऑफ लेजेंड्ससारख्या गेममधलं एखादं पात्र सेकंदाला साधारण ३४० एककं धावतं असं धरू. लढाईच्या गर्दीत त्याला एका शत्रूकडून ४० टक्क्यांचा स्लो लागतो, दुसऱ्याकडून ३० टक्क्यांचा आणि तिसऱ्याकडून आणखी ३० टक्क्यांचा. स्लो म्हणजे काही सेकंदांपुरता वेग कमी करणारा परिणाम. तो बर्फाच्या बाणाचा असेल, चिखलाचा असेल किंवा विषाचा. आता हे पात्र किती वेगानं पळेल?

तिन्ही टक्के सरळ मिळवले तर शंभर होतात आणि वेग उरतो शून्य. एकापाठोपाठ एक गुणत गेलो तर ३४०चे २०४, त्याचे सुमारे १४३ आणि शेवटी १०० उरतात. सगळ्यांत मोठा तेवढाच धरायचा असं ठरवलं, तर वेग २०४वर थांबतो. तिन्ही हिशेब बरोबर आहेत. खेळणाऱ्याच्या हातात मात्र तीन वेगवेगळे गेम येतात. पहिल्यात तो जागच्या जागी मारला जाईल, दुसऱ्यात फरफटत का होईना हलत राहील आणि तिसऱ्यात निसटूनही जाऊ शकेल.

म्हणूनच स्लो एकावर एक चढले की काय होईल, हे गेम बनवणाऱ्यानं आधी ठरवून लिहून ठेवायला हवं. ते गणितावर सोडून दिलं, तर मंद करण्यासाठी बनवलेल्या गोष्टी एक दिवस माणसाला थांबवू लागतात. मंद करणं आणि थांबवणं या खेळात दोन वेगळ्या ताकदी आहेत. जागच्या जागी खिळवणारी चाल सहसा महाग ठेवतात. ती थोडाच वेळ टिकते, पुन्हा वापरायला बराच वेळ थांबावं लागतं आणि तिच्यावर उताराही दिलेला असतो. स्लो स्वस्त असतो, वारंवार वापरता येतो. तीन स्वस्त स्लो मिळून एका महाग चालीचं काम करू लागले, तर ती महाग चाल कोण घेईल?

माइनक्राफ्टमध्ये हे अगदी जवळून बघता येतं. तिथला स्लोनेस हा परिणाम पायऱ्यांनी वाढतो आणि प्रत्येक पायरीला चालण्याचा वेग १५ टक्क्यांनी कमी होतो. ही बेरीज आहे. खेळाडू एरवी सेकंदाला सुमारे ४.३ ठोकळे चालतो. चौथ्या पायरीला ६० टक्के गेले, की तो १.७ ठोकळ्यांवर येतो. टर्टल मास्टर नावाचं पेय प्यायलं की हीच चौथी पायरी लागते. त्याच पेयाचा तीव्र प्रकार सहाव्या पायरीवर नेतो, म्हणजे वेग दहा टक्केच उरतो. त्याच्या बदल्यात मार फार कमी लागतो, त्यामुळे कासवाचं नाव शोभतं. सातव्या पायरीला मात्र बेरीज १०५ टक्के होते. वेग उणे होऊ नये म्हणून गेम त्याला शून्यावर अडवतो आणि चालणं पूर्ण बंद पडतं. साध्या खेळात या पायरीला कोणी पोचत नाही, पण आज्ञा लिहून पोचता येतं:

```
/effect give @p slowness 30 6
```

शेवटचा आकडा ६ आहे, कारण इथे मोजणी शून्यापासून होते. स्वतःचे नकाशे बनवणाऱ्या अनेकांनी खेळाडूला एका जागी उभं ठेवायला ही युक्ती वापरली आणि तिथे त्यांना एक गोष्ट कळली. खेळाडू चालू शकत नव्हता, पण उडी मारू शकत होता, आणि हवेतल्या हालचालीला हा वेग लागूच होत नाही. उड्या मारत तो पुढे सरकायचा. मग उडी बंद करायला आणखी एक वेगळा परिणाम जोडावा लागायचा. शून्य वेग म्हणजे खिळवणं नव्हे, हे याहून स्पष्ट कुठे दिसत नाही. वेगाचा आकडा संपला तरी उडी, झेप, धक्का, जागा बदलण्याची जादू अशा वाटा उरतातच. ज्याला खरोखर थांबवायचं आहे, त्यानं ‘हलू शकत नाही’ अशी स्वतंत्र अवस्था बनवावी.

बेरजेतला धोका असा उघड आहे, म्हणून पुष्कळजण गुणाकाराकडे वळतात. दुकानात ५० टक्के सुटीवर आणखी ५० टक्के सूट मिळाली तरी वस्तू फुकट मिळत नाही, पाव किंमत द्यावीच लागते. तसंच इथेही गुणाकारानं वेग कधी नेमका शून्य होत नाही. कागदावर हे खरं आहे, पडद्यावर नाही. एखादा शत्रू सेकंदाला ९० पिक्सेल चालतो आणि पडदा सेकंदाला ६० वेळा नव्यानं काढला जातो असं समजा. म्हणजे दर वेळी तो दीड पिक्सेल सरकायला हवा. त्याला अर्ध्या वेगाचे दोन स्लो लागले की हा आकडा ०.३७५वर येतो. हालचाल पूर्ण पिक्सेलांत मोजणारा आणि उरलेला अपूर्णांक टाकून देणारा गेम असेल, तर दर वेळी सरकणं होतं शून्य. आकड्यांच्या तक्त्यात वेग २२ दिसतो आणि शत्रू मात्र पुतळ्यासारखा उभा. तक्ता आणि पडदा असे जुळेनासे झाले, की टाकून दिलेला अपूर्णांक शोधावा. तो पुढच्या वेळेसाठी शिल्लक ठेवला की शत्रू पुन्हा चालू लागतो.

टॉवर डिफेन्स प्रकारात ही चूक सगळा खेळच अडवते. तिथे शत्रूंची एक फळी मेली किंवा पलीकडे पोचली, की पुढची सुटते. बर्फाचे बुरूज एकमेकांजवळ उभे केले, त्यांच्या टप्प्यातला एखादा कोपरा तोफांच्या टप्प्याबाहेर राहिला आणि शत्रू नेमका तिथे शून्यावर आला, तर तो मरतही नाही आणि पोचतही नाही. फळी संपत नाही. खेळणाऱ्याला वाटतं गेम हँग झाला, पण गेम व्यवस्थित चालू असतो, तो फक्त कायमचा वाट बघत असतो. कुठे ‘अंतर भागिले वेग’ करून पोचायचा वेळ काढला असेल, तर तिथे शून्यानं भागण्याची वेळ येते.

याच्याहून चिवट चूक वेग साठवण्याच्या पद्धतीत असते. नवखा प्रोग्रामर बहुतेक असं लिहितो: स्लो लागला की चालू वेगाला ०.६नं गुणायचं आणि तो उतरला की ०.६नं भागायचं. एकच स्लो असेपर्यंत हे ठीक चालतं. पण मधेच कुठे वेग शून्य झाला, तर त्याला कशानंही भागलं तरी शून्यच राहतं आणि सगळे परिणाम उतरल्यावरही पात्र हलत नाही. मधल्या काळात पात्रानं नवे बूट घातले किंवा एखाद्या परिणामाचं उतरणं दोनदा नोंदलं गेलं, तरी परतलेला वेग मूळचा राहत नाही. उपाय सोपा आहे. मूळ वेगाला हातच लावायचा नाही. अंगावर या क्षणी कोणते परिणाम आहेत त्यांची यादी ठेवायची आणि दर वेळी मुळापासून हिशेब करायचा:

```
speed = base_speed
for s in active_slows:
    speed = speed * (1 - s)
speed = max(speed, min_speed)
```

स्लो उतरला की तो यादीतून काढून टाकायचा. भागाकार नाही, त्यामुळे चूक साचत जात नाही. शेवटची ओळ म्हणजे तळ, त्याच्या खाली वेग जाऊ द्यायचा नाही. ही ओळ सगळा हिशेब झाल्यावर एकदाच यावी. प्रत्येक स्लोनंतर तळ लावला आणि वेग वाढवणारं पेय शेवटी मोजलं, तर पेयाचा फायदा तळापासून मोजला जातो आणि पात्र अपेक्षेपेक्षा जोरात पळतं.

तळ किती ठेवायचा यावर मोठ्या गेमनी वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. डोटा २मध्ये निरनिराळ्या स्लोंची बेरीज होते, पण साधारणपणे वेग १००च्या खाली जात नाही. वर दिलेले तीन स्लो तिथे लागले तर बेरीज शंभर टक्के होईल आणि तरी पात्र १००नं चालत राहील. मला लीग ऑफ लेजेंड्सची रचना अधिक विचारपूर्वक वाटते. तिथे हिशेबाअंती वेग २२०च्या खाली आला, तर त्याचं निम्मं घेऊन त्यात ११० मिळवतात. म्हणजे २०४चे होतात २१२. ९० टक्क्यांचा जबर स्लो लागून ३४ उरले, तर प्रत्यक्षात मिळतात १२७. कडक तळाची अडचण अशी, की पात्र तळाला पोचल्यावर पुढचा प्रत्येक स्लो वाया जातो. इथे मोठा स्लो लहान स्लोपेक्षा थोडा तरी जास्त जाणवतो, पण जसजसं खाली जावं तसतसं आणखी खाली नेणं अवघड होतं.

शिवाय लीगमध्ये एका वेळी सगळ्यांत मोठा एकच स्लो लागू होतो. टेबलावर खेळल्या जाणाऱ्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४च्या आवृत्तीतही एकच मंत्र अनेकदा टाकला तर त्यांची बेरीज होत नाही, सगळ्यांत प्रभावी तेवढा मोजतात. टेबलाशी बसलेल्या माणसांना तोंडी हिशेब करायचा असतो, त्यामुळे तिथे हा नियम सोयीचा पडतो. पण ‘मोठा तेवढाच’ म्हणताना काळाचा प्रश्न सोडवावाच लागतो. एका सेकंदाचा ६० टक्के स्लो आणि चार सेकंदांचा ३० टक्के स्लो एकदम लागले असं धरू. लहान स्लो यादीत राहून त्याचा वेळ मागे मोजला जायला हवा. म्हणजे ३४० वेगाचं पात्र पहिला सेकंद १३६नं आणि पुढचे तीन सेकंद २३८नं चालेल. त्याऐवजी नवा परिणाम जुन्याला पुसून टाकतो असं लिहिलं, तर खेळाडू लगेच पळवाट शोधतात. साथीदार मुद्दाम किरकोळ स्लो लावून मोठा स्लो पुसून टाकतो. मग आपण केलेली मदत शत्रूला उपयोगी पडते आणि कोणाला काही उमगत नाही.

एकाच उगमाचा स्लो पुन्हा लागला तर काय, हे वेगळं ठरवावं लागतं. दहा धनुर्धारी एकच बर्फबाण मारत असतील, तर दहा स्लो मोजण्याऐवजी एकच मोजून त्याची मुदत नव्यानं सुरू करणं बरं. नाहीतर संख्येनंच लढाई जिंकली जाते. काही गेम मधला मार्ग घेतात. पहिला स्लो पूर्ण, दुसरा निम्मा, तिसरा पाव. वरच्या आकड्यांवर ४०, १५ आणि ७.५ मिळून ६२.५ टक्के होतात. हिशेब बरा आहे, पण खेळताना तो कोणाला डोक्यात धरता येत नाही.

यातला कोणताही नियम निवडला, तरी तो पडद्यावर दिसायला हवा. वर्णनात नुसतं ‘वेग ३० टक्के कमी’ असेल, तर तो मूळ वेगाच्या की चालू वेगाच्या आणि दुसरा स्लो असताना लागू होईल की नाही, हे खेळणाऱ्याला मार खाऊनच शोधावं लागतं. बनवणाऱ्यासाठी तपासणी अवघड नाही. गेममधला प्रत्येक स्लो एकाच पात्रावर एकदम लावायचा, मग वेगवेगळ्या क्रमानं लावायचा, मग एकेक उतरू द्यायचा. वेग तळाच्या खाली गेला, क्रम बदलल्यावर आकडा बदलला किंवा सगळे उतरल्यावर ३४० परत आले नाहीत, तर चूक हिशेबाच्या कोणत्या ओळीत आहे ते लगेच कळतं.