वीज गेली, बैठक हुकली, आता मेल काय लिहायची?

१२ ऑक्टोबर २०२०. सोमवार, सकाळचे दहा. कळवा-पडघा भागातील उच्चदाब वाहिन्यांत बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदमच गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. करोनाचे दिवस असल्याने अनेकांचे ऑफिस घरातच होते, आणि वीज गेल्याबरोबर राउटरही बंद पडला. काही भागांत वीज यायला संध्याकाळ उजाडली.

समजा, ठाण्यातल्या एका लेखापालाची त्या दिवशी अकराला नागपूरच्या सहकारी बाईंबरोबर ऑनलाइन बैठक होती. नागपुरात दिवे लख्ख. पंधरा मिनिटे स्क्रीनसमोर बसून बाईंनी शेवटी बैठक उरकली. चारला वीज आल्यावर लेखापालाने ही मेल पाठवली असती तर पुरे झाले असते:

विषय: आजची ११ची बैठक – दिलगिरी

नमस्कार मॅडम,
आज अकराच्या बैठकीला येऊ शकलो नाही, तुम्हाला थांबावे लागले, याबद्दल दिलगीर आहे. ठाण्यात दहाला गेलेली वीज आत्ता चारला आली. फोनलाही रेंज नव्हती, त्यामुळे आधी कळवता आले नाही. सप्टेंबरच्या खर्चाचे आकडे सोबत जोडले आहेत. बैठकीत जे ठरले ते कळवाल का? उद्या साडेदहानंतर मी फोनवर आहे.

यात विजेचे एकच वाक्य आहे, पण त्यात दोन्ही वेळा आहेत. ‘लाइटचा प्रॉब्लेम होता’ एवढेच लिहिले की वाचणाऱ्याच्या मनात शंका येते: पाच मिनिटांचा की पाच तासांचा? फोनचा उल्लेखही याचसाठी. वीज घरची गेली तरी मोबाइलचा टॉवर बॅटरीवर काही वेळ तग धरतो. त्यामुळे ‘मग दोन शब्दांचा मेसेज का नाही केला?’ हा प्रश्न हमखास येतो. रेंज असूनही कळवायचे राहिले असेल, तर तसे सरळ लिहावे. नेटवर्कवर ढकललेले खोटे ‘लास्ट सीन’ उघडे पाडते.

बाईंना खरी गरज होती ती आकड्यांची. ते मेलसोबतच गेल्याने माफीला वजन आले. ‘लवकरच पाठवतो’ असे लिहिले असते तर त्यांना आणखी एकदा वाट पाहावी लागली असती. वीज कंपनीवरचा राग, इन्व्हर्टरची रडकथा, तीनदा ‘सॉरी’ हे सगळे मात्र गाळलेले बरे.

एका बाबतीत ही मेल चालणार नाही. देखभालीसाठी वीज बंद राहणार असेल तर महावितरण नोंदणीकृत मोबाइलवर तसा एसएमएस पाठवते. तो येऊन पडला असेल, तर कारण वीज नव्हे, न वाचलेला एसएमएस. अशा वेळी ‘वीज जाणार हे आधी कळले होते, बैठक पुढे ढकलायला हवी होती, ते राहिले’ एवढे लिहावे आणि नव्या बैठकीच्या दोन वेळा सुचवाव्यात.