पंखा सुरू झाला की तापमान का उडतं?

काजूगर वाळवणाऱ्या ड्रायरचं उदाहरण घेऊ. आत के प्रकारचा थर्मोकपल, त्याची केबल पॅनेलपर्यंत आलेली, आणि हवा खेळवणारा पंखा व्हीएफडीवर. पडद्यावर 70 अंश स्थिर दिसतात. पंखा सुरू होतो आणि आकडा एकदम 80 वर जाऊन थरथरू लागतो. ड्रायरची हवा क्षणात दहा अंशांनी तापत नाही, म्हणजे बदललं ते तापमान नव्हे, वायरीतला व्होल्टेज. पण बहुतेक ठिकाणी आधी सेन्सर बदलला जातो!

हा थर्मोकपल एका अंशाला साधारण 41 मायक्रोव्होल्ट देतो. दहा अंशांची चूक व्हायला 0.4 मिलिव्होल्ट पुरतात. शेजारच्या मोटरच्या केबलमध्ये मात्र शेकडो व्होल्ट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतात. दोन्ही केबल एकाच ट्रेमध्ये लांबवर समांतर गेल्या, तर एवढा व्होल्टेज सहज उतरतो.

तपासणी सोपी आहे. ड्राइव्ह बंद करून पाहा. थरथर थांबली तर सिग्नल केबल तात्पुरती ट्रेबाहेर काढून जमिनीवरून न्या आणि ड्राइव्ह पुन्हा चालू करा. आता आकडा शांत राहिला, तर दोष केबलच्या वाटेत आहे. ती कायमची वेगळ्या ट्रेमधून न्यावी, निदान वीतभर तरी अंतर ठेवावं, आणि पॉवर केबल ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी. पॅनेलच्या आतही दोघींना एकाच डक्टमध्ये कोंबू नये.

ड्राइव्ह बंद असूनही आकडा दोन-चार अंश डुलत असेल, तर अर्थिंगकडे बघायचं. ड्रायरची बॉडी आणि पॅनेल दोन्ही अर्थ केलेली असली, तरी त्यांचा व्होल्टेज तंतोतंत सारखा नसतो. कारखान्यातल्या इतर यंत्रांचा गळती प्रवाह त्या तारांतून वाहत असतो. शील्ड दोन्ही टोकांना अर्थ केली, की त्या प्रवाहाला आणखी एक रस्ता मिळतो. हाच ग्राउंड लूप. मिलिअँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर केबलभोवती लावला की तो दिसतो. थर्मोकपलच्या केबलची शील्ड पॅनेलकडे अर्थ करून सेन्सरकडचं टोक छाटून स्लीव्हने झाकावं. यंत्राची सुरक्षेची अर्थिंग मात्र कधीही सोडू नये. तसं केलं तर दोष आल्यावर बॉडीत करंट उतरतो.

मोटरच्या केबलला हा नियम उलटा लागतो. तिची शील्ड दोन्ही टोकांना, गोल क्लॅम्पने पूर्ण घेरून जोडावी, कारण तिच्यातला जलद गोंगाट ड्राइव्हकडे परतायला जवळचा रस्ता लागतो.

शील्डला मर्यादाही आहे. पातळ अॅल्युमिनियमची पट्टी 50 हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र अडवत नाही. तिथे वायरींचा पीळ आणि अंतर कामाला येतात. थर्मोकपलचा सांधाच आवरणाला वेल्ड केलेला असेल, तर सिग्नल तिकडे आधीच अर्थ झालेला असतो. मग पॅनेलकडे शील्ड सोडवून भागत नाही. आवरणापासून सुटा सांधा असलेला थर्मोकपल घ्यावा, नाहीतर सेन्सरजवळच आयसोलेटेड ट्रान्समीटर बसवून पॅनेलकडे 4 ते 20 मिलिअँपिअरचा सिग्नल पाठवावा.